टाकी भरल्याच्या पावत्यांवरून किलोमीटरमागचा खर्च आणि दोन गाड्यांची रास्त तुलना

प्रश्न: माझ्याकडे पेट्रोलची गाडी आहे आणि भावाकडे डिझेलची. मी पंपावरच्या पावत्या जपून ठेवतो, पण प्रत्येक वेळी ॲव्हरेज वेगळेच येते. किलोमीटरमागे इंधनाचा खरा खर्च कसा काढायचा? आणि भाऊ म्हणतो त्याची गाडी फार स्वस्त पडते, ते खरे आहे का, हे कसे ठरवायचे?

उत्तर:

ॲव्हरेज दर वेळी वेगळे येते याचे कारण बहुधा गाडीत नसून हिशेबाच्या पद्धतीत असते. तेव्हा आधी एकाच गाडीचा हिशेब सरळ करू आणि मग तुलनेकडे वळू. वाहनांच्या इंधन-नोंदी तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि त्या नोंदींत पुन्हा पुन्हा दिसणारी चूक एकच आहे: पंपावर घातलेले लिटर आणि गाडीने जाळलेले लिटर एकच समजणे. टाकीत किती इंधन उरले आहे ते आपल्याला नेमके कधीच कळत नाही, कारण इंधनाचा काटा फक्त अंदाज देतो. नेमकी कळते ती एकच अवस्था, टाकी फुल असण्याची. म्हणून हिशेब एका फुल टाकीपासून दुसऱ्या फुल टाकीपर्यंतच करायचा. टाकी फुल असताना ओडोमीटरचे रीडिंग टिपले आणि पुढे पुन्हा टाकी फुल केली, तर त्या वेळी जेवढे लिटर मावले तेवढेच मधल्या अंतरात जळले, मग मधल्या काळात टाकी कितीही रिकामी झालेली असो.

एका नोंदवहीचे उदाहरण घेतो. गाडी पेट्रोलची आहे.

पहिली भरती: रीडिंग ४२,३१०; ३१.० लिटर, टाकी फुल.
दुसरी: ४२,७४२, २८.४ लिटर, फुल.
तिसरी: ४२,९४५, १०.० लिटर, फुल नाही.
चौथी: ४३,२१८, २२.९ लिटर; फुल.
पाचवी: ४३,६४०, २६.१ लिटर, फुल.

पहिल्या भरतीचे ३१ लिटर हिशेबात धरायचे नाहीत, कारण ते त्याआधीच्या अंतरासाठी जळालेल्या इंधनाची भरपाई आहेत. पहिल्या नोंदीतून फक्त रीडिंग घ्यायचे. एकूण अंतर ४३,६४० वजा ४२,३१०, म्हणजे १,३३० किलोमीटर. एकूण इंधन २८.४, १०.०, २२.९ आणि २६.१ यांची बेरीज, म्हणजे ८७.४ लिटर. ॲव्हरेज लिटरला १५.२ किलोमीटर येते. पावत्यांचा गठ्ठा हाती घेऊन सगळ्या लिटरांची बेरीज करणारा माणूस ते ३१ लिटरही त्यात मिळवतो, त्याचे उत्तर ११.२ येते आणि गाडी बिघडली आहे असा त्याचा समज होतो. याच नोंदवहीत दुसरी चूकही सहज होते. तिसऱ्या भरतीपर्यंत गाडी २०३ किलोमीटर चालली आणि १० लिटर घातले, म्हणून ॲव्हरेज २०.३, त्यानंतर २७३ किलोमीटरला २२.९ लिटर, म्हणून ११.९. हे दोन्ही आकडे निरर्थक आहेत. अर्धवट भरतीचे लिटर पुढच्या फुल भरतीत मिळवायचे असतात: ४७६ किलोमीटरला ३२.९ लिटर, म्हणजे १४.५. तुमच्या पावत्यांवर कोणती भरती फुल होती आणि कोणती ठरावीक रकमेची, याची खूण नसेल, तर दर वेळी वेगळे ॲव्हरेज येण्याचे मुख्य कारण तेच असावे. ती खूण आणि रीडिंग पावतीवर तिथल्या तिथेच पेनाने लिहून ठेवावे. घरी आल्यावर आठवणीतून लिहिलेली रीडिंग मी सहसा धरत नाही.

पद्धत बरोबर ठेवली तरी तीन टप्प्यांची ॲव्हरेजे १५.२, १४.५ आणि १६.२ अशी निघतात. यातला काही फरक रस्त्याचा आणि रहदारीचा असतो, पण बराचसा ‘फुल’ या शब्दाचा असतो. नोझल आपोआप बंद होते तेव्हा टाकीतली पातळी दर वेळी तंतोतंत तीच नसते. गाडी किंचित उतारावर उभी असेल, नोझल थोडे तिरके बसले असेल किंवा डिझेलला फेस आला असेल, तर लिटरभराचा फरक सहज पडतो. समजा, दुसऱ्या भरतीत नोझल लवकर बंद झाले आणि २८.४ ऐवजी २७.४ लिटरच मावले. त्या टप्प्याचे ॲव्हरेज १५.८ दिसेल. पण राहिलेला तो एक लिटर पुढच्या फुल भरतीत घातला जाईल आणि तिथे ३२.९ ऐवजी ३३.९ लिटर होऊन ॲव्हरेज १४.० वर येईल. एका टप्प्यात चढलेला आकडा लगेच पुढच्या टप्प्यात तेवढाच उतरला, तर दोष बहुधा भरतीचा असतो. टायरमधली हवा कमी होणे किंवा ब्रेक घासत राहणे अशा खऱ्या कारणाने खालावलेले ॲव्हरेज मात्र पुढच्या भरतीत उसळी घेत नाही, ते दुरुस्ती होईपर्यंत खालीच राहते.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. एकूण बेरीज केली की मधल्या सगळ्या भरतींतल्या चुका एकमेकींना खोडतात, आणि फक्त पहिल्या व शेवटच्या भरतीतली चूक शिल्लक राहते. एका टाकीच्या २८ लिटरांत एक लिटरची चूक म्हणजे साडेतीन टक्के, तर ८७ लिटरांत तीच चूक जेमतेम सव्वा टक्क्याच्या आत येते. म्हणून एका टाकीचे ॲव्हरेज कोणाला सांगू नये. निदान तीन-चार फुल भरत्या होऊ द्याव्यात. पहिली आणि शेवटची भरती मात्र काळजीने, शक्यतो एकाच पंपावर, गाडी त्याच तोंडाने उभी करून करावी, आणि नोझल पहिल्यांदा बंद झाले की तिथेच थांबावे. रक्कम गोल करण्यासाठी वर थोडे-थोडे ढकलण्याची सवय हिशेबाला तर वाईट आहेच, पण पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो, त्यात द्रव पेट्रोल जाऊन तो खराब होऊ शकतो.

टप्प्यांच्या ॲव्हरेजांची पुन्हा सरासरी काढू नये, हेही इथेच सांगतो. एक टप्पा ६०० किलोमीटरचा आणि दुसरा १५० चा असेल, तर त्यांना समान वजन देणे चुकीचे ठरते. नेहमी एकूण अंतर भागिले एकूण लिटर एवढेच करावे.

आता खर्च. इथे मी आकडा उलटा करून घेतो, म्हणजे लिटरला किती किलोमीटर याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर असा मांडतो. वरच्या गाडीचा आकडा ६.५७ लिटर आहे. खर्च लिटरांच्या प्रमाणात वाढतो, किलोमीटरांच्या नाही, म्हणून तुलना या आकड्यात सरळ दिसते. लिटरला १० वरून १२ किलोमीटरवर जाणे आणि २० वरून २२ वर जाणे हे कानाला सारखेच वाटते, पण शंभर किलोमीटरमागे पहिल्यात १.६७ लिटर वाचतात आणि दुसऱ्यात फक्त ०.४५. पेट्रोलचा दर लिटरला १०० धरला (चलन आणि खरा दर तुम्ही तुमचा घाला), तर ६.५७ लिटरांचे ६५७ होतात, म्हणजे किलोमीटरमागे ६.५७. आतापर्यंत प्रत्यक्षात किती खर्च झाला हे हवे असेल, तर दुसऱ्या ते पाचव्या पावतीवरच्या रकमांची बेरीज करून १,३३० ने भागावे. पण तुलनेसाठी दर आणि वापर एकत्र कालवू नयेत. भावाने दर उतरल्यावर टाक्या भरल्या आणि तुम्ही दर चढल्यावर, तर पावत्यांच्या रकमांतून त्याची गाडी फुकटच चांगली दिसेल. नोंदवहीत लिटर आणि किलोमीटर ठेवावेत, आणि दोन्ही इंधनांचे दर एकाच दिवसाचे घेऊन शेवटी एकदाच गुणावे.

आता तुलनेचा खरा प्रश्न. समजा, भावाच्या डिझेल गाडीचा आकडा याच पद्धतीने शंभर किलोमीटरला ४.९४ लिटर आला आणि डिझेलचा दर ९२ धरला, तर तिचा खर्च किलोमीटरमागे ४.५४ होतो. तुमचा ६.५७. फरक २.०३. भाऊ हाच आकडा सांगत असणार, आणि त्याचा हिशेबही चुकलेला नाही. पण हा फरक दोन गाड्यांचा नाही. तुमची गाडी रोज थंड इंजिनाने निघून सहा-सात किलोमीटर सिग्नलांवर थांबत जात असेल आणि त्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत तासभर चालत असेल, तर या २.०३ मध्ये गाडीचा वाटा किती, रस्त्याचा किती आणि चालवणाऱ्याच्या पायाचा किती, हे नुसते आकडे पाहून सांगता येत नाही. थंड इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त इंधन मागते आणि ब्रेक लावताना गेलेली ऊर्जा प्रत्येक सिग्नलनंतर पुन्हा इंधनातूनच भरून काढावी लागते. या दोन गोष्टी एकाच गाडीचे ॲव्हरेज चौथ्या हिश्शाने सहज खाली आणतात.

कंपनीने जाहीर केलेले आकडे घेऊन तुलना करावी असे पुष्कळ जण सुचवतात. ते आकडे ठरावीक चाचणीतले असल्याने आपसांत तुलनेला ठीक असतात, पण ती चाचणी तुमचा रस्ता नव्हे. गाडीच्या पडद्यावरचा तात्कालिक आकडा चढ-उतार पाहायला उपयोगी पडतो. तो टाकीच्या हिशेबापेक्षा बऱ्याचदा थोडा गोडच असतो, आणि प्रत्येक गाडीत किती गोड ते वेगळे असते. दोन गाड्या समोर ठेवायच्या असतील, तर दोन्हींचे मोजमाप एकाच पद्धतीने, म्हणजे टाकीवरूनच व्हायला हवे.

सर्वांत रास्त आणि बिनखर्चाचा मार्ग म्हणजे गाड्यांची अदलाबदल. महिनाभर तुम्ही तुमची आणि भाऊ त्याची गाडी नेहमीसारखी चालवा, दोघेही नोंदी ठेवा. मग ठरावीक दिवशी दोन्ही टाक्या फुल करा, रीडिंग टिपा आणि पुढचा महिनाभर तुम्ही त्याची व त्याने तुमची गाडी चालवावी. रस्ता, वेळ, सामान, बसणारी माणसे, एसीची सवय, सगळे ज्याचे त्याच्याकडेच राहते. बदलते ती फक्त गाडी. भाड्याने दिलेल्या गाड्यांच्या एका ताफ्यात मी हा प्रयोग केला तेव्हा मालकाला तो वेळकाढूपणा वाटला होता. ज्या गाडीला तो इंधन खाणारी म्हणून विकायला निघाला होता, ती अदलाबदलीनंतर दुसऱ्या चालकाकडे व्यवस्थित चालली, आणि तिची जागा घेणारी गाडी पहिल्या चालकाकडे जाताच तितकीच इंधन खाऊ लागली.

तुमच्या बाबतीत अदलाबदलीनंतर समजा असे आकडे आले: तुमच्या रस्त्यावर भावाची गाडी शंभर किलोमीटरला ५.९६ लिटर, आणि भावाच्या रस्त्यावर तुमची गाडी ५.५८ लिटर. आता रस्त्यागणिक तुलना करा. तुमच्या रस्त्यावर पेट्रोल गाडीचा खर्च किलोमीटरमागे ६.५७ आणि डिझेल गाडीचा ५.९६ गुणिले ०.९२, म्हणजे ५.४८. फरक १.०९. भावाच्या रस्त्यावर पेट्रोल गाडीचा ५.५८ आणि डिझेल गाडीचा ४.५४. फरक १.०४. सुरुवातीला दिसलेल्या २.०३ पैकी जवळजवळ निम्मा भाग गाडीचा नव्हताच.

दोन्ही रस्त्यांवरचे फरक मी मुद्दाम वेगवेगळे काढतो. पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यांत हवा बदललेली असू शकते: उकाडा वाढून एसी जास्त चालला असेल किंवा पाऊस सुरू होऊन रहदारी मंदावली असेल. तुमच्या रस्त्यावर पेट्रोल गाडी आधी आणि डिझेल नंतर धावली. भावाच्या रस्त्यावर नेमके उलटे झाले. त्यामुळे दुसरा महिना दोघांसाठी सारखाच जड गेला असेल, तर त्याने एका रस्त्यावरचा फरक जेवढा कमी केला जवळपास तेवढाच दुसऱ्या रस्त्यावर वाढवला असतो, आणि दोन्ही फरकांच्या सरासरीत तो परिणाम बहुतांशी निघून जातो. इथे १.०९ आणि १.०४ एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून सरासरी सुमारे १.०७ घेताना मला संकोच वाटणार नाही. ते १.६ आणि ०.५ असे आले असते, तर दोन शक्यता उरल्या असत्या: एक तर महिनाच वेगळा गेला, किंवा एक गाडी गर्दीत आणि दुसरी मोकळ्या रस्त्यावर अधिक सरस आहे. नुसत्या या आकड्यांतून त्या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत. गाड्या पुन्हा मूळ जागी आणून आणखी एक महिना मोजावे लागते. ऋतू पूर्ण बदलण्याइतका काळ मध्ये जाऊ देऊ नये. पेट्रोल तापले की दर १० अंशांमागे सुमारे एक टक्का प्रसरण पावते, म्हणजे गरम दिवसांत घातलेल्या लिटरात इंधनाचे वजनच थोडे कमी असते.

एक गोष्ट अजून तपासायची राहिली आहे आणि तीच लोक हमखास विसरतात: दोन्ही गाड्यांचे किलोमीटर सारखेच खरे आहेत का? ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर नाही. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल असेल आणि ती झिजून दोन मिलिमीटर उरली, तर चाकाची त्रिज्या सहा मिलिमीटरने घटते. साधारण ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला हा दोन टक्क्यांचा फरक आहे. झिजलेल्या टायरची गाडी तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेते, ओडोमीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज खोटेच चांगले दिसते. मूळ मापापेक्षा वेगळे टायर बसवले असतील, तर फरक याहून मोठा असू शकतो.

तपासणी सोपी आहे. सरळ रस्त्यावर किलोमीटरचे दगड पाहून ६० किलोमीटरचा एक टप्पा ठरवावा, दोन्ही गाड्या त्यावरून न्याव्यात आणि सुरुवातीच्या दगडाशी ट्रिपमीटर शून्य करून शेवटच्या दगडाशी रीडिंग घ्यावे. दगड हलवलेले किंवा रस्ता नव्याने वळवलेला असू शकतो, म्हणून मोबाइलच्या जीपीएसने नोंदवलेले अंतर सोबत ताडून पाहावे. तुमची गाडी ६१.८ दाखवते आणि भावाची ६०.४, असे समजू. म्हणजे तुमचा ओडोमीटर ३ टक्के जास्त मोजतो. त्याने नोंदवलेले १०० किलोमीटर प्रत्यक्षात ९७ च आहेत, तेव्हा खरा वापर ६.५७ ला १.०३ ने गुणून ६.७७ लिटर होतो, आणि भावाच्या रस्त्यावरचा ५.५८ चा ५.७५. भावाच्या गाडीची चूक पाऊण टक्क्याच्या आत आहे. तिचे आकडे ६.०० आणि ४.९७ होतात. पुन्हा हिशेब केला की तुमच्या रस्त्यावर ६.७७ विरुद्ध ५.५२, फरक १.२५, भावाच्या रस्त्यावर ५.७५ विरुद्ध ४.५७, फरक १.१८. किलोमीटरची चूक दुरुस्त केल्यावर भावाची बाजू थोडी बळकट झाली, हे मान्य करावे लागेल. डिझेल गाडीचा फायदा २.०३ नाही, पण १.०७ ही नाही. तो किलोमीटरमागे सुमारे १.२ आहे.

या आकड्याची अचूकताही सांगायला हवी. प्रत्येक गाडीच्या प्रत्येक महिन्यात ऐंशी-नव्वद लिटर जळाले असतील, तर दोन टोकांच्या भरतींमुळे प्रत्येक वापराच्या आकड्यात टक्काभराची ढिलाई राहते, म्हणजे किलोमीटरमागे सहा-सात शतांश. रस्त्यागणिक फरकात ती याहून थोडी वाढते. म्हणून १.२ चा फरक खरा आहे असे खात्रीने म्हणता येते, पण तो १.१८ आहे की १.२५ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. महिन्याभरात एखादीच टाकी भरली जात असेल, तर हीच ढिलाई तिप्पट होते. अशा वेळी महिन्याऐवजी तीन-चार भरत्यांची मुदत ठरवावी.

शेवटचा भाग दराचा. वापराचे आकडे एकदा हाती आले की ते लगेच शिळे होत नाहीत, दर मात्र होतात. तुमच्या रस्त्यावर पेट्रोल गाडीला ६.७७ आणि डिझेल गाडीला ६.०० लिटर लागतात, म्हणजे गुणोत्तर १.१३. डिझेलचा दर पेट्रोलच्या दराच्या १.१३ पटीवर गेला, तर तुमच्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांचा इंधनखर्च बरोबरीत येतो. भावाच्या रस्त्यावर हीच बरोबरी १.१६ पटीला येते. ही दोन गुणोत्तरे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दर बदलले की दोन दरांचा भागाकार करून त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणजे पुरते. टायर बदलले तर मात्र ६० किलोमीटरची तपासणी नव्याने करावी लागेल.